फेरफाराच्या नोटिसा काढणाऱ्या साहेब लोकांना खुलं पत्र: ते पंधरा दिवस नेमके कधीपासून मोजायचे?

आमच्या तालुक्याचे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि वर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेले महसूलचे सगळे साहेब,

नमस्कार. मी वकील नाही, माझ्या नावावर एक गुंठासुद्धा जमीन नाही, त्यामुळे ही बाई कशाला मधे पडतेय असं तुम्हाला वाटेल, तर मी पडतेय कारण हे सगळं माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात झालंय आणि त्यात माझी नात होती. आमचे शेजारी म्हणजे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, वय चौऱ्याहत्तर. तालुक्याच्या गावात राहतात, शेत मूळ गावी आहे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि कुठल्या ऑफिसात काय झालं तेही नावानिशी लिहीत नाही, कारण हे एकाच टेबलावर होतं असं मला वाटत नाही.

जमीन साधी आहे. एकच गट, ऐंशी आर, म्हणजे ढोबळ दोन एकर. गुरुजींच्या वडिलांची. वडील गेल्यावर वारस म्हणून दोन मुलांची नावं लागली, गुरुजी आणि त्यांचे थोरले भाऊ, पुढं थोरले गेले आणि त्यांच्या जागी त्यांचा एकुलता मुलगा आला, तो मुंबईला असतो. वाटप कधी झालंच नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं सामाईक, कुणाचं किती ते वेगळं लिहिलेलं नाही, पण दोन भाऊ म्हणजे अर्धं अर्धं, चाळीस आणि चाळीस, हे घरात सगळ्यांना माहीत. अशा जमिनी तुमच्या दप्तरात हजारोंनी असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर पुतण्यानं खरेदीखत करून दिलं. पन्नास आरचं. दस्त नोंदला गेला, तिथून तो तुमच्या ई-फेरफारला ऑनलाइन गेला, नोंद धरली गेली आणि ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्यांना नोटीस काढली गेली. इथपर्यंत सगळं कायद्यानं बरोबर, नोटीस काढली म्हणून तर गुरुजींना कळलं, नाहीतर पुतण्या फोन करून सांगणारा नव्हता. कायद्यात तसंच आहे, जमीन महसूल संहितेचं कलम १५०, की तलाठ्यानं नोंद फेरफार रजिस्टरला घ्यायची, तिची प्रत चावडीवर लावायची आणि ज्याचा संबंध आहे त्याला लेखी कळवायचं. ते कळवायचं जे पत्र, नमुना नऊ, त्याच्याबद्दलच हे सगळं आहे.

पत्र पोस्टानं आलं तेव्हा गुरुजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. दिवसातनं चार वेळा थेंब घालायचे, काळा चष्मा, वाचायचं नाही, टीव्ही नाही, डोकं खाली घालायचं नाही. पोस्टमनच्या कागदावर सही केली आणि पाकीट कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवलं. डॉक्टरांनी थोडं वाचायची परवानगी दिली त्या दिवशी, म्हणजे १९ नोव्हेंबरला बुधवारी, पाकीट फोडलं. नवीन चष्मा अजून व्हायचा होता, जुना ऑपरेशन केलेल्या डोळ्याला लागत नव्हता, तो घालून एक डोळा मिटून वाचलं.

आता गुरुजींनी आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलंय. उजव्या कोपऱ्यात वर दिनांक, मग मायना, मग मजकूर. कुठलंही पत्र हातात आलं की त्यांची नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते. तिथं होतं ०३/११/२०२५. खाली मजकुरात गट नंबर, फेरफार नंबर, पुतण्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, क्षेत्र ०.५०, आणि सगळ्यात खाली हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावं, नाहीतर हरकत नाही असं समजलं जाईल. तीन आणि पंधरा अठरा. त्या दिवशी तारीख एकोणीस.

संध्याकाळी मी आमटी द्यायला गेले तर दिवा न लावता बसलेले. म्हणले, वहिनी, तारीख काल गेली. मला आधी वाटलं डॉक्टरची तारीख. मग त्यांनी कागद पुढं केला आणि सांगितलं की दहा आर गेले, विहीर त्याच बाजूला आहे, तीही गेली, आणि मी इथं काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत बसलो होतो. मला त्यातलं काय कळणार. मी नुसतं, होईल काहीतरी, म्हणलं, जे आपण सगळेच म्हणतो आणि ज्याचा काडीचा उपयोग नसतो.

आमची मनू अकरावीला आहे, कॉमर्सला, आईबाप पुण्याला नोकरीला आणि ही माझ्याकडं. आमटीचं भांडं परत आणायला मी तिला पाठवलं आणि ती आलीच नाही, म्हणून मी परत गेले तर ती त्यांच्या टेबलावर मोबाईलचा टॉर्च लावून तो कागद वाचत होती आणि गुरुजी चिडलेले. अगं मी वाचलंय ते, चार वेळा वाचलंय. ती म्हणाली, गुरुजी आजोबा, तुम्ही पंधरा दिवस वाचलंत, पण त्याच्या आधीचे दोन शब्द वाचलेत का? झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला नमुना, त्यात ती ओळ अशी पुसट की अक्षराची वरची रेघ तेवढी राहिलेली. तिनं फोटो काढून मोठा केला. ‘ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत’. गुरुजींनी तिला ती ओळ परत मोठ्यानं वाचायला लावली, वर्गात लावतात तशी, मग स्वतः मोबाईल नाकाजवळ धरून वाचली.

मिळाल्यापासून. नोटीस लिहिल्यापासून नाही.

मग प्रश्न आला की मिळाली कधी. गुरुजी म्हणाले शनिवारी, बहुतेक. मनू म्हणाली बहुतेक चालणार नाही, पाकीट कुठंय? पाकीट होतं, पण पाकिटाच्या रूपात नव्हतं. गुरुजी कुठलंही पाकीट टाकून देत नाहीत, चारी बाजूंनी नीट उकलतात आणि आतल्या कोऱ्या बाजूला हिशोब लिहितात, तर त्याच दिवशी फोडलेल्या पाकिटाच्या आत दुधाचा हिशोब सुरू झालेला होता, पण बाहेरच्या बाजूला पोस्टाचा बारकोडचा स्टिकर शाबूत. त्या स्टिकरवर तेरा अक्षरांचा नंबर असतो, शेवटी IN येतं, तो पोस्टाच्या वेबसाइटवर टाकला की पत्र कधी बुक झालं आणि कधी हातात पडलं ते दिसतं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमधेच घातलंय, तरी नंबर टाकून बघायची सोय आहेच. मनूनं नंबर टाकला.

बुक झालं ११ नोव्हेंबरला. पोचलं १५ नोव्हेंबरला, शनिवारी.

साहेब, इथं जरा थांबा. नोटीसवर तारीख तीनची आणि ती पोस्टात पडली अकराला. मधले आठ दिवस ती कुठं होती ते तुम्हाला ठाऊक, मला नाही. पण गुरुजींच्या हिशोबानं बघितलं तर पंधरातले आठ दिवस तुमच्या टेबलावर गेले, चार पोस्टात गेले, म्हणजे डोळे धडधाकट असलेल्या माणसालाही तीनच दिवस मिळाले असते. गुरुजींचा हिशोब चुकीचा होता हे खरं, पण नोटीसवरची एकमेव ठळक तारीख तीच असेल तर माणूस दुसरा कुठला हिशोब करणार?

मनूनं कॅलेंडर खाली काढलं. पत्र मिळालं तो दिवस धरायचा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, हे तिला कॉलेजात कुठल्यातरी विषयात शिकवलंय. सोळा तारीख हा पहिला दिवस. बोट ठेवत ठेवत गेली, तीस तारखेला पंधरा पुरे झाले. तीस नोव्हेंबर रविवार. गुरुजींनी मान हलवली, रविवारी कचेरी बंद. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात, म्हणजे १ डिसेंबर, सोमवार. हा नियम मात्र गुरुजींना स्वतःला माहीत होता, नोकरीत अर्ज पाठवून पाठवून. जी तारीख काल गेली म्हणून माणूस अंधारात बसला होता ती अजून बारा दिवस पुढं होती.

गोष्ट इथंच संपली असती तर मी पत्र लिहिलं नसतं, फार तर मनूचं कौतुक करून मोकळी झाले असते.

मनूनं तुमची ‘आपली चावडी’ उघडली. तिथं जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात कुठल्या नोंदी धरल्यात त्यांची यादी येते, फेरफार नंबर, प्रकार, गट, आणि हरकतीची शेवटची तारीख. ही सोय चांगली आहे, घरबसल्या चावडीवरचा बोर्ड वाचल्यासारखं, फुकट आहे आणि लॉगिनसुद्धा लागत नाही, हे मी मनापासून सांगते. पण गुरुजींच्या गटापुढं शेवटची तारीख लिहिली होती १८ नोव्हेंबर. गुरुजी लगेच म्हणाले, बघ, मी म्हणत होतो. हातातला कागद सांगतो मिळाल्यापासून, म्हणजे एक डिसेंबर. स्क्रीन सांगते अठरा नोव्हेंबर. दोन्ही तुमचेच. सामान्य माणसानं कुणाचं ऐकायचं?

दोघंही थोडा वेळ गप्प झाले. मग मनूनं पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. नवीन नमुन्यातल्या सातबाऱ्यावर खाली प्रलंबित फेरफार म्हणून एक जागा असते. त्यात हाच नंबर होता. म्हणजे नोंद अजून मंजूर झालेली नव्हती, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली नव्हती. हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण प्रमाणित झाली असती तर हरकत घेऊन काय उपयोग नव्हता, मग प्रांतांकडं अपील, त्याला साठ दिवसांची मुदत, वकील, तारखा. आणि तोपर्यंत सातबाऱ्यावर लागलेलं नाव कायद्यानं खरंच धरतात, खोटं आहे हे दाखवून देण्याचा बोजा ज्याची तक्रार त्याच्यावर. मालकी शेवटी दिवाणी कोर्टच ठरवणार हे खरं, पण घेणाऱ्यानं मधल्या काळात त्या पन्नास आरवर बँकेचं कर्ज काढलं की गुंता किती वाढतो ते तुम्ही रोज बघता.

म्हणून एक डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही, उद्याच जायचं असं ठरलं, आणि रात्री दोघं हरकतीचा अर्ज लिहायला बसले. हा सीन बघण्यासारखा होता. गुरुजींनी चार पानं लिहिली, त्यात वडिलांनी विहीर कधी खोदली, थोरल्या भावाच्या आजारपणात कुणी पैसे दिले, पुतण्याच्या लग्नात काय झालं, सगळं. मनू म्हणाली आजोबा, ह्यातलं त्यांना काय लागणारे? शेवटी एक पान राहिलं: गट नंबर, फेरफार नंबर, नोटीसची तारीख, नोटीस मिळाल्याची तारीख आणि त्याचा पुरावा, गट सामाईक आहे, वाटप झालेलं नाही, विकणाऱ्याचा हिस्सा निम्मा म्हणजे चाळीस आर, दस्त पन्नास आरचा, म्हणून ह्या नोंदीला हरकत आहे, नोंद तक्रारीत घ्यावी. सोबत सातबारा, वारसाच्या जुन्या फेरफाराची नक्कल, नोटीस, पाकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि पोस्टाच्या पानाची प्रिंट. दुधाच्या हिशोबासकट. बदल्यात गुरुजींनी मनूच्या त्या एका पानात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका काढल्या की ती तीन वेळा लिहावी लागली, आणि दोन प्रती करायला लावल्या, एक द्यायला, एक शिक्का मारून परत घ्यायला.

दुसऱ्या दिवशी सजाच्या ऑफिसला कुलूप. तलाठ्यांकडं दोन सजांचा चार्ज आणि त्यात नगरपालिकेच्या निवडणुकीची ड्युटी, मतदान २ डिसेंबरला होतं. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, माहितीये मला, पण तोंडात बसलेलं लवकर जात नाही.) शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, दाराच्या फटीतून सरकवा आत, साहेब बघतात. गुरुजी सरकवणारच होते. मनूनं सरकवू दिलं नाही, आणि हे तिनं बरोबर केलं, कारण हरकत दिली की तलाठ्यानं तिची लेखी पोच द्यायची असते, तेही त्याच कलम १५० मधे आहे, आणि फटीतून सरकवलेल्या कागदाला कुणी पोच देत नाही. तो कागद मग कधी मिळाला ह्यावर परत पहिल्यापासून भांडण.

तिथून तहसील कचेरी, आवक-जावकचं टेबल. सगळ्या तालुक्यात गुरुजींचे विद्यार्थी पसरलेत, दवाखान्यात, बँकेत, एसटीत, पण त्या टेबलावर नेमका बाहेरच्या जिल्ह्यातनं बदलून आलेला माणूस. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं मुदत संपली, अठराला. मी सोबत होते म्हणून डोळ्यानं बघितलं, गुरुजी एकदम शाळेतल्या इन्स्पेक्शनला उभे असल्यासारखे उभे राहिले, तोंडातनं शब्द नाही. मनूनं नोटीस काढून ती ओळ दाखवली, पाकीट ठेवलं, पोस्टाची प्रिंट ठेवली, आणि म्हणाली, सर, मुदत संपली की नाही ते साहेब ठरवतील, तुम्ही फक्त आज आलेला कागद आज आला म्हणून शिक्का मारा. त्याला राग आला का हसू आलं ते कळलं नाही, पण शिक्का मारला, नंबर घातला, तारीख घातली. २० नोव्हेंबर.

त्याच आठवड्यात तलाठी भेटले. माणूस वाईट नव्हता हो, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी सरळ सांगितलं की सिस्टीममधे नोटीस बजावल्याची तारीख भरल्याशिवाय काम पुढं सरकत नाही, पोस्टाची पोच यायला वेळ लागतो, दोन सजांच्या नोंदी पेंडिंग दिसल्या की वरून फोन येतो, म्हणून नोटीस काढली त्याच दिवसाची तारीख भरून टाकतो. सगळ्यांच्या नोटिसांना. गुरुजींना १५ तारखेला मिळालेली नोटीस सिस्टीमच्या लेखी ३ तारखेलाच मिळालेली होती. पाकीट बघितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, हरकत घेतली, पोच दिली, नोंद तक्रारीच्या रजिस्टरला चढवली. सहा-अ. आता मंडळ अधिकारी दोघांचं ऐकून निर्णय देतील. पुतण्याचं म्हणणं असं आहे म्हणे की आजोबांनी विहिरीकडचा तुकडा थोरल्याला जास्तीचा दिला होता, तोंडी. खरं असेल, नसेल, ते मला माहीत नाही आणि ह्या पत्राचा तो विषयही नाही. त्याचंही ऐकलं जावं. फक्त ऐकणं दोन्हीकडचं व्हावं, एका बाजूचं कॅलेंडरनंच तोंड बंद करू नये एवढंच.

आता ह्यात पाकीट नसतं तर? दुधाचा हिशोब दुसऱ्या कागदावर लिहिला असता तर? मनूच्या जागी माझ्यासारखी ‘होईल काहीतरी’वालीच फक्त शेजारी असती तर? गावोगाव सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत ती बरीचशी म्हातारी माणसं आहेत, पोरं बाहेर, आणि बहिणी लग्न होऊन लांब गेलेल्या, ज्यांच्या नोटिसा अजून माहेरच्या पत्त्यावर जातात आणि भाऊ सही करून घेतो. त्यांची हरकत आली नाही की तुमच्या कागदावर ‘हरकत नाही’ असं लागतं.

तुम्ही म्हणाल नमुना कायद्यानं ठरलेला, आम्ही काय बदलणार. मान्य. पण परवा गुरुजींना सुनावणीची नोटीस आली, तुमच्याच खात्याची, तिच्यात तारीख, वार, वेळ, कुठल्या खोलीत यायचं, सगळं ठळक छापलेलं होतं. म्हणजे तुम्हाला छापता येतं. मग हरकतीच्या नोटीसवर ती ‘मिळाल्यापासून’ची ओळ निदान वाचता येईल अशी छापा, झेरॉक्सची झेरॉक्स नको, कॉम्प्युटरवरनं सरळ प्रिंट काढा. आणि शक्य असेल तर त्याच्या खाली एक रिकामी ओळ ठेवा, ‘नोटीस मिळाल्याचा दिनांक’, पोस्टमन समोर असतानाच माणूस ती भरून टाकेल, आणि नाही भरली तरी डोळ्यासमोर येईल की मोजायचं तिथपासून आहे, वरच्या कोपऱ्यातल्या तारखेपासून नाही.

दुसरं, नोटीसवर ज्या दिवशीची तारीख टाकली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ती पोस्टात पडू द्या. आठ दिवसांनी टाकणार असाल तर तारीख आठ दिवसांनंतरची टाका, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी विनंती वरच्या साहेबांना, तलाठ्यांना नाही. बजावल्याची तारीख पोस्टाची पोच बघितल्याशिवाय भरायची नाही असं एकदा लेखी सांगा आणि पोच यायची थांबलेली नोंद पेंडिंगमधे दिसली म्हणून त्या माणसाला फोन करून झापू नका. पोस्टाचा नंबर तुमच्याकडं असतोच, अकरावीतल्या पोरीला मोबाईलवर दोन मिनिटांत तारीख सापडली, तुमच्या ऑफिसातही इंटरनेट आहे. चावडीच्या पानावर शेवटची तारीख मग आपोआप खरी दिसेल, ज्याला जेव्हा मिळाली त्याप्रमाणे, आणि एकाच गटात पाच खातेदार असतील तर सगळ्यात शेवटी ज्याला मिळाली त्याच्यापासून धरा.

ज्यांच्याकडं अशी नोटीस आत्ता पडलेली असेल त्यांच्यासाठी, हे पत्र फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं तर: पाकीट टाकू नका, आलं त्या दिवशी पाकिटावरच तारीख लिहून ठेवा, मुदत गेली असं वाटलं तरी आधी सातबाऱ्यावर नोंद प्रलंबित आहे का बघा, आणि हरकत दिली की पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. नवीन चष्मा आलाय, गुरुजी स्वतः जाणार आहेत. मनूची त्या दिवशी चाचणी आहे, ती येणार नाही, पण तिनं कागदांची फाइल लावून दिलीय आणि वर कुठला कागद कधी दाखवायचा त्याची चिठ्ठी चिकटवलीय. गुरुजींनी त्या चिठ्ठीतही दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेत.

कळावे,
गुरुजींची शेजारीण, मनूची आजी